सहा बाय सहा, तरी ट्रॉली दिसंना

निपाणी-चिकोडी पट्ट्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की माझ्याकडे एका ठरावीक तक्रारीची माणसं यायला लागतात. वय पन्नाशीच्या पुढचं, मोटारसायकल रोजची, आणि बोलणं साधारण असं: "दिवसा सगळं दिसतंय की सर, पण दिवे लागायच्या वक्ताला म्होरची ट्रॉली दिसंना बघा. अगदी जवळ गेल्यावर एकदम पुढ्यात येती." ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर तो चिखलानं माखलेला असतो, वर उसाचा ढीग. त्यामुळे ऐकणारा दोष ट्रॉलीला देऊन मोकळा होतो. दोष असतोच. पण त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, मागं बसलेल्या पोराला ट्रॉली दिसते आणि पुढं बसलेल्या बापाला दिसत नाही, तेव्हा डोळ्याची चौकशी करावीच लागते.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. बेळगावात शिकलो आणि नंतरची सगळी नोकरी याच भागात, दवाखान्यात आणि गावोगावच्या शिबिरांत केली. माझं काम डोळ्याचा नंबर काढणं, दाब मोजणं, पडद्याचे फोटो घेणं आणि संशय आला तर डॉक्टरांकडे पाठवणं. या कामात मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते वरच्या तक्रारीनं, कारण तिचं उत्तर चष्म्याच्या नंबरात सापडत नाही.

6 मीटरवरचा नेहमीचा तक्ता सगळ्यांनी वाचलेला असतो. पांढऱ्या पाटीवर काळी कुळकुळीत अक्षरं, वरून खाली लहान होत जाणारी. ठरलेली ओळ वाचली की आम्ही 6/6 लिहितो. हा तक्ता डोळ्याला एकच गोष्ट विचारतो: किती बारीक दिसतं? किती पुसट दिसतं हे तो विचारतच नाही, कारण त्यातली अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत तितकीच काळी असतात. रस्त्यावर मात्र काळ्या-पांढऱ्याचा असा ठळक फरक क्वचितच मिळतो. संध्याकाळच्या राखाडी आभाळाखाली राखाडी डांबर आणि त्यावर मळकट ट्रॉली. ती बारीक तर अजिबात नसते, चांगली खोलीएवढी असते. मागच्या रंगाशी तिचा फरकच कमी असतो.

हा फरक आकड्यात मांडता येतो. मागची पाटी जेवढा प्रकाश परत पाठवते त्यापेक्षा वस्तू कितीनं कमी पाठवते, त्याचं प्रमाण काढायचं. पाटी 100 आणि अक्षर 0 असेल तर फरक 100 टक्के. पाटी 100 आणि अक्षर 94 असेल तर फरक 6 टक्के. याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, आणि तो मोजायला वेगळा तक्ता असतो: पेली-रॉब्सन तक्ता. त्यात सगळी अक्षरं एकाच मापाची, जवळपास 5 सेंटिमीटर उंचीची, आणि रोग्यापासून 1 मीटरवर. तीन-तीन अक्षरांचे गट असतात आणि प्रत्येक गट आधीच्यापेक्षा पुसट. दोन गट खाली उतरलं की फरक निम्मा होतो. पहिला गट काळाभोर, शेवटचा इतका फिका की तिथं काही छापलंय हेच बऱ्याच जणांना पटत नाही. गुण लॉग मापात देतात: 1.00 म्हणजे 10 टक्के फरक ओळखला, 2.00 म्हणजे 1 टक्का ओळखला. वय झालेल्या पण निरोगी डोळ्याला 1.65 च्या आसपास गुण पडतात. 1.50 च्या खाली गेलं की काहीतरी बिघडलंय असं धरून चालतो.

ज्यांच्यावरून हे सगळं सांगतोय ते गृहस्थ सत्तावन्न वर्षांचे, निपाणीच्या पूर्वेकडच्या एका गावचे ऊस-तंबाखूचे शेतकरी. आधी एका शिबिरात त्यांना "नजर चांगली आहे, फक्त वाचायचा चष्मा लागेल" असं सांगितलं होतं, आणि तेवढ्यापुरतं ते खरंही होतं. माझ्यासमोरही त्यांनी दोन्ही डोळ्यांनी 6/6 ची ओळ न अडखळता ओळखली. मग पुसट अक्षरांचा तक्ता घेतला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून तीच दहा अक्षरं छापलेलं कार्ड हातात दिलं: तक्त्यावर दिसेल त्यासारखं कार्डावर शोधायचं आणि बोट ठेवायचं.

या तपासणीत घाई केली की निकाल खोटा येतो. पुसट अक्षर लगेच दिसत नाही. त्याच जागेकडं दहा-पंधरा सेकंद बघत राहिलं की हळूहळू वर येतं. मामा पाचव्या-सहाव्या गटाला थांबले आणि म्हणाले, "म्होरं कोराच हाय कागद." म्हटलं, "मामा, कोरा नाही. बघत ऱ्हावा, गडबड करू नका." आणखी काही अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं. उजवा डोळा 1.20 वर थांबला, डावा 1.05 वर. म्हणजे उजव्याला सुमारे 6 टक्के आणि डाव्याला 9 टक्के फरक असल्याशिवाय 5 सेंटिमीटरचं अक्षर 1 मीटरवरून कळत नव्हतं. निरोगी डोळ्याला तिथं सव्वादोन टक्के पुरतात. हे भर उजेडातलं झालं. संध्याकाळी काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

आता हा 'फरक' डोळ्यात नेमका काढतो कोण? शिकताना माझीही समजूत अशी होती की पडदा म्हणजे कॅमेऱ्याची फिल्म, आणि बाकीचं सगळं मेंदूचं काम. आकडे बघितले की ही समजूत टिकत नाही. पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या वर आहेत, तर मेंदूकडं जाणाऱ्या नसेत तंतू जेमतेम दहा-बारा लाख. शंभरांमागे एक. म्हणजे जाताना बरंच काही गाळलं जातं, आणि काय गाळायचं हे पडद्यातच ठरतं. हे तंतू ज्यांचे असतात त्या गँग्लियन पेशी. पडद्यातला शेवटचा थर त्यांचा. तिथून पुढं मेंदूपर्यंत जातं ते त्यांनी पाठवलेलं तेवढंच.

या पेशी काय पाठवतात ते 1953 साली स्टीफन कफ्लर यांनी दाखवलं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या विल्मर नेत्रसंस्थेत ते काम करत होते. भूल दिलेल्या मांजराच्या डोळ्यात त्यांनी बारीक इलेक्ट्रोड घातला, एका गँग्लियन पेशीपाशी नेला आणि पडद्यावर प्रकाशाचा लहानसा ठिपका सरकवत तिचे विजेचे ठोके ऐकले. पेशी अंधारातही अधूनमधून ठोके देत असते. ठिपका एका छोट्या गोल जागेत पडला की ठोके धडाधड वाढले. त्याच गोलाभोवतीच्या कड्यात पडला की ठोके कमी झाले किंवा थांबले. काही पेशींचं बरोबर उलटं: मधोमध अंधार झाला की त्या जोरात ठोके देत. पडद्यावरच्या ज्या जागेतल्या प्रकाशानं एखादी पेशी बदलते, ती तिची हद्द. तिला ग्रहणक्षेत्र म्हणतात. कफ्लर यांना सापडलेली महत्त्वाची गोष्ट पुढं आहे. गोल आणि कडं दोन्हींवर सारखाच प्रकाश टाकला तर पेशी फारशी हलत नाही.

आमच्याकडच्या माणसाला हे सांगायला मी कारखान्याच्या वजनकाट्याचा आधार घेतो. भरलेली ट्रॉली काट्यावर येते, वजन होतं. रिकामी होऊन परत येते, पुन्हा वजन होतं. दोन्हीतला फरक तो ऊस, आणि बिल निघतं ते फरकाचंच. गँग्लियन पेशी मधल्या गोलाचं वजन घेते, भोवतीच्या कड्याचं वजा करते आणि राहील तेवढंच वर कळवते.

वजाबाकी करायची तर शेजारची खबर हवी, आणि ती आडवी पोचवणाऱ्या पेशी पडद्यात आहेत. त्यातल्या मुख्य हॉरिझॉन्टल पेशी. त्या एकाच वेळी पुष्कळ प्रकाशपेशींकडून अंदाज घेतात आणि तो उलटा करून त्यांच्यावरच टाकतात. परिणाम असा की प्रत्येक जागा आपल्या शेजाऱ्याला थोडं दाबते, आणि जितका उजेड जास्त तितकं जास्त दाबते. इंग्रजीतली लॅटरल इन्हिबिशन ती हीच. असं काही पडद्यात असणार हे एर्न्स्ट माख यांनी 1865 मध्येच, केवळ माणसाला दिसणाऱ्या भासांवरून ताडलं होतं. प्रत्यक्ष मोजमाप केलं हार्टलाइन यांनी, घोड्याच्या नालासारख्या दिसणाऱ्या लिम्युलस नावाच्या समुद्री प्राण्याच्या डोळ्यावर. त्यांना 1967 चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

शिकाऊ मुलांना मी हे कागदावर करून दाखवतो, कारण एकदा हातानं वजाबाकी केली की पुन्हा समजावावं लागत नाही. एका ओळीत सहा जागा घ्या. पहिल्या तीन अंधाऱ्या, प्रत्येकी 10 प्रकाश. पुढच्या तीन उजेडातल्या, प्रत्येकी 50. नियम एवढाच: प्रत्येक जागा दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांमधून आपल्या प्रकाशाचा दहावा भाग कापते. ओळीच्या दोन्ही टोकांना पलीकडंही तोच प्रकाश आहे असं धरू.

अंधाऱ्या बाजूची आतली जागा: 10 मधून 1 आणि 1 गेले, राहिले 8. अंधाऱ्या बाजूची कडेची जागा: एका शेजाऱ्यानं 1 कापला, पण उजेडातल्या शेजाऱ्यानं 5 कापले, राहिले 4. उजेडातली कडेची जागा: 50 मधून 1 आणि 5 गेले, राहिले 44. आणि उजेडातली आतली जागा: 5 आणि 5 गेले, राहिले 40. म्हणजे डोळ्यात शिरलं 10, 10, 10, 50, 50, 50 आणि पुढं गेलं 8, 8, 4, 44, 40, 40. मुळात उजेड अंधाराच्या पाचपट होता. कडेवर तो अकरापट झाला. कडेच्या अंधाऱ्या बाजूला जास्तीची काळी पट्टी, उजळ बाजूला जास्तीची उजळ पट्टी. बाहेर अशा पट्ट्या नाहीत. माख यांनी वर्णन केलेल्या पट्ट्या त्या ह्याच, आणि ट्यूबलाइटखाली भिंतीवर पडलेल्या सावलीच्या मऊ कडेला त्या कुणालाही दिसतात.

यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या. एक, कड उठावदार करण्याची मजुरी फुकटची नाही: मधल्या सपाट भागाचे आकडे 10 चे 8 आणि 50 चे 40 झाले. शेजारी जास्त आणि कापणं जोराचं असेल तर सपाट भागातून जवळपास काहीच जात नाही. मग चुन्याची अख्खी भिंत पांढरी दिसते ती कशी? भिंतीच्या कडांवरून मिळालेल्या बातमीवर मेंदू मधली जागा भरून घेतो. किंचित फरकाचे दोन राखाडी कागद शेजारी-शेजारी ठेवा, फरक दिसेल. जिथं ते मिळतात त्या रेघेवर पेन्सिल आडवी ठेवा. फरक बराचसा मावळतो. दुसरी गोष्ट अशी की हे सगळं मेंदूत पोचण्याआधी होऊन गेलेलं असतं. पडद्यातच जो फरक निघाला नाही, तो मेंदू कितीही हुशार असला तरी त्याला मिळत नाही.

इथं मुलं हर्मन जाळीचं चित्र काढतात: काळे चौकोन, मधून पांढऱ्या गल्ल्या, आणि गल्ल्यांच्या चौकात करडे ठिपके भासतात. पुस्तकात त्याचं कारण लॅटरल इन्हिबिशनच दिलेलं असतं: चौकात चारही बाजूंनी पांढरं, म्हणून कापणं जास्त. ऐकायला चोख वाटतं. पण हंगेरीच्या यानोश गेयर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं की त्याच गल्ल्या किंचित नागमोडी केल्या की ठिपके गायब होतात, जरी प्रत्येक चौकातला उजेड-अंधाराचा हिशेब जवळपास तोच राहतो. म्हणजे त्या भासात मेंदूचाही मोठा हात आहे. पडद्यातली वजाबाकी खरी आहे. पण दिसणारी प्रत्येक गंमत तिच्याच खात्यावर टाकता येत नाही.

आता संध्याकाळ. वजाबाकी तेव्हाच परवडते जेव्हा वजा करण्याजोगं काही हातात असतं. उजेड कमी झाला की मधल्या गोलात येणारा प्रकाशच इतका तुटपुंजा की त्यातून शेजाऱ्याचा वाटा कापला तर उरतं ते खरं का खोटं हेच कळू नये. 1957 मध्ये बार्लो, फिट्झह्यू आणि कफ्लर यांनी मांजराच्या पडद्यात पाहिलं की डोळा पुरता अंधाराला सरावला की कड्याचा दाब नाहीसा होतो. पेशी आता वजा करण्याऐवजी मोठ्या जागेतला प्रकाश गोळा करून बेरीज करते. त्यामुळे मिणमिणता उजेडही जाणवतो, पण कडा जातात. दिवे लागायच्या वेळी आपण या दोन्हींच्या मधल्या टप्प्यावर असतो. ट्रॉलीची आकृती 'तिथं काहीतरी आहे' इतपत राहते. ती कुठं संपते आणि रस्ता कुठं सुरू होतो हे सांगणारी रेघ विरघळलेली असते. हे सगळ्यांचंच होतं, तरण्या पोराचंही. फक्त त्याच्या डोळ्यात शिल्लक इतकी असते की थोडं गेलं तरी भागतं.

मामांच्या डोळ्यात ही शिल्लक का नव्हती, हे शोधायला पुसट अक्षरांचा तक्ता पुरत नाही. गुण कमी आले एवढंच तो सांगतो. पन्नाशीनंतर पहिला संशय मोतीबिंदूवर जातो, कारण आमच्याकडं तोच सगळ्यांत जास्त. मोतीबिंदूत पडद्याची वजाबाकी शाबूत असते, पण गढूळ भिंगामुळे प्रकाश आधीच विखुरतो, उजेडातला थोडा अंधारात सांडतो. वरच्या उदाहरणात 10 आणि 50 ऐवजी पडद्यावर 18 आणि 42 पोचले तर पुढचा हिशेब कितीही चोख केला तरी फरक कमीच निघणार. असा रोगी समोरच्या गाडीच्या दिव्यानं डोळे दिपतात असं हमखास सांगतो, आणि स्लिट लँपखाली भिंगातला गढूळपणा दिसतो.

मामांचं भिंग वयाच्या मानानं स्वच्छ होतं. दिव्यांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर झुलवत बाहुल्या बघितल्या. उजव्यावर प्रकाश पडला की दोन्ही बाहुल्या नीट आकसायच्या. टॉर्च डाव्यावर नेली की किंचित मोठ्या व्हायच्या. म्हणजे डाव्या डोळ्याची नस उजव्यापेक्षा कमी बातमी पाठवत होती. निव्वळ मोतीबिंदूत असं होत नाही. या एका साध्या खुणेनं गाडी भिंगावरून नसेवर आली. डोळ्याचा दाब उजव्यात 24 आणि डाव्यात 26 मिलिमीटर निघाला. साधारण 21 पर्यंत नेहमीचा मानतात. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून नस बघितली, तर तिच्या मधली वाटी दोन्हींकडं खोल आणि डावीकडं जास्त पसरलेली. काचबिंदू.

काचबिंदूत मरतात त्या याच गँग्लियन पेशी. त्या मरत असताना 6/6 कसं राहतं, हा प्रश्न मामांच्या मुलानं तिथल्या तिथं विचारला, आणि तो अगदी योग्य होता. बारीक काळं अक्षर ओळखायला पडद्याच्या मधोमध दाटीनं बसलेल्या पेशी लागतात. काचबिंदू बहुधा मध्य सोडून आजूबाजूनं खात येतो आणि मध्य शेवटी गाठतो. शिवाय काळ्या-पांढऱ्याचा फरक इतका मोठा असतो की तिथल्या थोड्या पेशींनी कळवला तरी पुरे. पुसट अक्षराचं तसं नसतं. एका पेशीचा इशारा तिच्या स्वतःच्या खडखडाटातच बुडतो, म्हणून मेंदूला पुष्कळ पेशींची सरासरी घ्यावी लागते. ढोबळ हिशेबानं, पेशी निम्म्या झाल्या तर ओळखायला लागणारा फरक सुमारे 1.4 पट होतो, म्हणजे तक्त्यावरचा फक्त एक गट वर. मामा निरोगी माणसाच्या तीन-चार गट मागं होते. नुसत्या मेलेल्या पेशींच्या मोजणीनं एवढी घट भरून निघत नाही. माकडांवरच्या अभ्यासात दिसलंय की काचबिंदूतली पेशी मरण्याआधी तिच्या फांद्या आकसतात. त्या फांद्यांनीच तिची हद्द ठरते, म्हणून जिवंत पेशीही पूर्वीसारखी वजाबाकी करू शकत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे या तक्त्याची मर्यादा. निम्म्या पेशी गेल्यावर एकच गट घसरत असेल, तर सुरुवातीचा काचबिंदू तक्ता पकडणार नाही. आणि एका गटाचा फरक तर आज-उद्याच्या दोन तपासण्यांतही पडतो. दोन गट, म्हणजे 0.30 घसरले तरच मी मनावर घेतो. नेहमीची दृष्टिक्षेत्राची तपासणीही फार पुढं नसते: तिच्यात खोट दिसेपर्यंत पाव ते एक तृतीयांश गँग्लियन पेशी गेलेल्या असू शकतात. म्हणून चाळिशीनंतर दाब आणि नसेची वाटी बघणं टाळता येत नाही, नजर कितीही चांगली असो.

शिबिरात तर तक्ता नीट वापरणंही कसरतच. शाळेच्या वर्गात खिडकी एका बाजूला असते. तक्त्याच्या त्या बाजूची अक्षरं उजळ, दुसरीकडची अंधारात. पाटीच्या उजेडातच उतार असला की आपण 3 टक्क्यांचं अक्षर दाखवतोय का 5 टक्क्यांचं, हे सांगता येत नाही. मी खिडकी झाकून दोन्ही बाजूंनी सारखे दिवे लावतो आणि चार कोपऱ्यांत मीटर धरून बघतो. तक्त्याला कुणी बोट लावू नये म्हणून काठीनं दाखवतो. तेलकट बोटाचा डाग शेवटच्या गटांच्या अक्षरांपेक्षा गडद असतो.

ज्यांना ही समज सगळ्यांत आधी उपयोगी पडली त्या निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बायका. टेंभुर्णीच्या तपकिरी पानावर तपकिरी तंबाखू, मांडीवर काळपट सूप, आणि घरात एकच दिवा. काचबिंदू किंवा पडद्याचा दुसरा आजार असलेली बाई सांगते, "सर, पान दिसतंय, पण तंबाखू कुठवर भरली ते कळंना." मोठा दिवा लावा म्हणणं सोपं, आणि काही अंशी बरोबरही, कारण उजेड वाढला की वजाबाकी परत सुरू होते. पण पानाचा आणि तंबाखूचा फरक दिव्यानं वाढत नाही; दोन्ही सारखेच उजळतात. म्हणून मी सुपात पांढरं कापड अंथरायला सांगतो. पानाची कड पांढऱ्यावर उठते, हाताला हद्द कळते आणि मधलं काम बोटं सवयीनं करतात. पायरीच्या कडेला चुन्याचा पट्टा आणि पांढऱ्या भातासाठी गडद ताट हे त्याच हिशेबातले सल्ले.

ट्रॉलीमागं लाल-पांढरी चमकती पट्टी लावायला सांगतात, तिचं मोल मला आता जास्त कळतं. पट्टी आपल्या दिव्याचा प्रकाश परत आपल्याकडंच पाठवते, म्हणून अर्धमेल्या वजाबाकीतूनही मोठा आकडा निघतो. मात्र ती कडेनं लावली तर. मध्यभागी एक चकती लावली तर तिथं काहीतरी आहे एवढंच कळतं. केवढं आहे ते कळत नाही.

मामांना थेंब सुरू झाले. डॉक्टरांनी दाब पंधरा-सोळावर आणला, आणि दिवे लागल्यावर गाडी चालवायची नाही असं मी त्यांच्याकडून मुलासमोर कबूल करून घेतलं. वर्षानं पुन्हा पुसट अक्षरांचा तक्ता घेतला. उजवा 1.20, डावा 1.05. आकडे ऐकून ते हिरमुसले. "एवढं थेंब घातलं, वाढलं न्हाई व्हय?" मी सांगितलं, "मामा, गेलेल्या पेशी परत येत नाहीत, थेंबांनी येत नाहीत आणि ऑपरेशननंही येत नाहीत. थेंब ऱ्हायलेल्या सांभाळायला. तेवढाच आकडा ऱ्हायला, म्हणजे थेंब काम करतायत." त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, कितीवर आला की काळजी करायची? डाव्याचे दोन गट गेले, म्हणजे 0.75 झाला, की लगेच डॉक्टरांना गाठायचं, असं मी त्यांच्या केस पेपरवर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये लिहून दिलं, म्हणजे पुढच्या वेळी माझ्या जागी दुसरं कुणी असलं तरी त्याला वाचता येईल.